व्याजदर वाढला की भाव वाढतात? जरा हिशेब मांडू

एक मेसेज बराच फिरतो आहे. त्यातला मजकूर असा:

"व्याजदर वाढवून महागाई कमी होते, ही शुद्ध फसवणूक आहे. व्याज हा उद्योगाचा खर्च. खर्च वाढला की माल महागणारच, म्हणजे दरवाढ स्वतःच महागाई करते. दुसरं, धान्य-भाजी कुणी कर्ज काढून घेत नाही, मग कर्ज महाग करून त्यांचे भाव कसे उतरणार? तिसरं, दर वाढवून सहा महिने झाले, उतरले का भाव? फायदा झाला तो फक्त बँकांचा. महागाई खरंच संपवायची असेल तर दर कमी करा."

पहिला मुद्दा निव्वळ थाप असता तर एवढा पसरला नसता. त्यात थोडं तथ्य आहे, पण ते किती, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. एखाद्या कारखान्याची वर्षाची विक्री 100 कोटी आहे आणि त्याच्यावर 40 कोटींचं कर्ज आहे असं धरू. सगळं कर्ज बदलत्या दराचं. दर 2 टक्क्यांनी वाढला तर त्याचं व्याज वर्षाला 80 लाखांनी वाढेल. हा सगळा बोजा त्यानं गिऱ्हाइकावर टाकला, स्वतः एक पैसाही सोसला नाही, तरी मालाची किंमत वाढेल 0.8 टक्के. तीही एकदाच. पुढच्या वर्षी दर तिथंच राहिला तर व्याज तेवढंच राहतं, किंमत पुन्हा वाढवायला ते कारण उरत नाही. महागाई म्हणजे दरवर्षी चालू राहणारी चढण. एका पायरीनं ती होत नाही.

शिवाय ही पायरी चढणं कारखानदाराच्या एकट्याच्या हातात नसतं. त्याच्या गिऱ्हाइकाचाही हप्ता वाढलेला असतो, तोही हात आखडता घेतो. आणि उसन्या पैशावर माल साठवून ठेवणाऱ्याचं काय होतं ते पाहा. कर्ज स्वस्त असताना भाव चढायची वाट बघत गोदाम भरून ठेवणं परवडतं. व्याज वाढलं की तो साठा दर महिन्याला पैसे खातो, आणि माल बाजारात येतो. म्हणजे व्याजाचा खर्च भाव वर ढकलतो तसा खालीही ओढतो.

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्याचं म्हणणं आकड्यांत खरंच दिसतं. स्वीडनच्या ग्राहक किंमत निर्देशांकात घरकर्जाच्या व्याजाचा खर्च धरलेला आहे. मध्यवर्ती बँकेनं दर वाढवला की त्या निर्देशांकानुसार महागाई आपोआप फुगते. डिसेंबर 2022 मध्ये हा आकडा 12.3 टक्के होता. घरकर्जाच्या दरातल्या बदलाचा परिणाम काढून टाकून मोजला तर 10.2. म्हणूनच तिथली मध्यवर्ती बँक 2017 पासून आपलं उद्दिष्ट या दुसऱ्या निर्देशांकावर ठरवते. तेव्हा दरवाढीनं महागाई वाढल्याचं कुणी आकड्यानं दाखवलं, तर निर्देशांकात व्याज धरलंय का, हे आधी विचारावं.

मेसेजच्या शेवटी सुचवलेला उपाय कागदावरचा नाही. तो एका देशात करून झाला आहे. जास्त व्याजानंच महागाई होते, असं तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन जाहीरपणे सांगत आले. सप्टेंबर 2021 मध्ये तिथला धोरणदर 19 टक्के होता आणि महागाईही साधारण तेवढीच होती. चार महिन्यांत दर 14 टक्क्यांवर आणला. डिसेंबरअखेर वार्षिक महागाई 36 टक्क्यांवर गेली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये 85 टक्क्यांच्या वर. त्या वर्षी युक्रेनमधल्या युद्धामुळे इंधन सगळीकडेच भडकलं होतं, हे मान्य. पण त्याच महिन्यात युरो क्षेत्रातली महागाई सुमारे साडेदहा टक्के होती. उरलेली तफावत इंधनाच्या माथी मारता येत नाही.

असं का झालं? 36 टक्के महागाई असताना कर्ज 20 किंवा 25 टक्क्यांनी मिळत असेल, तर कर्ज काढून आजच माल, डॉलर किंवा घर घेऊन ठेवणं हाच शहाणपणा ठरतो. 100 उसने घेतले तर फेडायचे 125, तोवर वस्तूची किंमत 136. बँकेत लिरा, म्हणजे तिथलं चलन, ठेवणारा मात्र दर महिन्याला गरीब होतो, म्हणून तोही लिरा विकून डॉलर घेतो. सप्टेंबर 2021 च्या सुरुवातीला एका डॉलरला साडेआठच्या आसपास लिरा लागत होते, डिसेंबरात एका टप्प्यावर 18 च्या पुढे गेले. आयात होणारं सगळं त्या प्रमाणात महागलं, आणि त्यापुढे व्याजाची बचत चिल्लर ठरली.

जून 2023 पासून धोरण उलटलं. तोवर 8.5 पर्यंत उतरवलेला दर वाढवत मार्च 2024 पर्यंत 50 टक्क्यांवर नेला. मेसेजवाला लगेच म्हणेल, त्या काळात महागाई 38 वरून 75 टक्क्यांवर गेली, त्याचं काय? गेली खरी, मे 2024 मध्ये. पण सुरुवातीचे बरेच महिने दर महागाईच्या खालीच होता, म्हणजे कर्ज काढणं अजूनही फायद्याचंच होतं. मध्ये लिरा घसरला, मूल्यवर्धित कर वाढला, किमान वेतनही मोठ्या प्रमाणात वाढलं. मेनंतर उतार लागला आणि 2024 च्या डिसेंबरात महागाई 44 टक्क्यांवर आली. 44 हा काही अभिमानाचा आकडा नव्हे. पण दर किती आहे एवढंच बघून चालत नाही, तो महागाईच्या वर आहे की खाली, हे पाहावं लागतं, ते इथं स्वच्छ दिसतं.

आता धान्य-भाजी. ती कर्जावर कुणी घेत नाही, बरोबर. पाऊस पडला नाही म्हणून पीक गेलं, तर कुठल्याही मध्यवर्ती बँकेला ते उगवून आणता येणार नाही. अशा वेळी केलेल्या दरवाढीचा त्या भावावर फारसा परिणाम होत नाही, हे मीही मानतो. पण दर काम करतो तो दुसऱ्या वाटेनं, आणि ती वाट हप्त्यातून जाते.

20 लाखांचं घरकर्ज, मुदत 20 वर्षं, दर 7 टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे 15,506 येतो. दर 9 झाला तर तोच हप्ता 17,995 च्या आसपास जातो. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ 2,500 दुसऱ्या कशावर तरी खर्च व्हायचे, ते होत नाहीत. ज्याला अजून घर घ्यायचंय, त्याच्यावरचा परिणाम याहून मोठा आहे. त्याला 15,506 चाच हप्ता झेपत असेल, तर 9 टक्क्यांनी कर्ज मिळेल सुमारे 17 लाख 23 हजार. पगार तोच, पण पावणेतीन लाखांहून जास्त खरेदीची ताकद गेली. मग तो थांबतो, बिल्डर नवं काम पुढे ढकलतो, सिमेंट, फर्निचर, वाहतूक यांची मागणी मंदावते आणि त्यात काम करणाऱ्यांचं उत्पन्न वाढायचं थांबतं. त्यांचा बाजारहाट कर्जावर नसतो, पण कमाईवर असतोच. याचा अर्थ कुणाचा तरी रोजगार जातो किंवा कुणाची पगारवाढ हुकते. दरवाढीची खरी किंमत ही आहे, आणि मेसेजवाल्याला भांडायचंच असेल तर त्याला इथं भक्कम जागा होती.

"माझा हप्ता तर वाढलाच नाही," असं सांगणारेही भेटतात. अनेकदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते. वरच्या उदाहरणात अगदी पहिल्या महिन्यापासून 9 टक्के लागू झाले आणि हप्ता 15,506 च राहिला, तर पहिल्या महिन्याचं व्याजच 15,000 होतं. मुद्दलात जातात जेमतेम 506. कर्ज फिटायला 20 ऐवजी 38 वर्षं लागतात. अशा कर्जदाराच्या आजच्या खर्चावर दरवाढीचा परिणाम जवळपास शून्य असतो, बिल पुढे सरकतं एवढंच. कर्जखात्याचा उतारा काढून उरलेले हप्ते मोजले की हे लक्षात येतं.

सहा महिन्यांच्या तक्रारीचं उत्तरही यातच आहे. मध्यवर्ती बँक तुमच्या कर्जाचा दर ठरवत नाही. बँकांच्या आपसातल्या अगदी अल्पमुदतीच्या पैशाचा दर ती ठरवते. तिथून तो तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो, आणि किती वेळ ते कर्जाच्या करारावर अवलंबून असतं. अमेरिकेत घरकर्ज बहुतेक 30 वर्षांच्या ठरावीक दराचं असतं. मार्च 2022 ते जुलै 2023 या काळात तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, फेडरल रिझर्व्हनं, दर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात नेला, पण ज्यांनी 3 टक्क्यांचं कर्ज आधीच घेतलं होतं त्यांचा हप्ता हलला नाही. उलट ते स्वस्त कर्ज सुटेल म्हणून लोक घर विकेनात. तिथली महागाई जून 2022 मध्ये 9.1 टक्के होती, वर्षभरात 3 वर आली. त्यातलं सगळं श्रेय दरवाढीचं नाही, तुटलेले पुरवठे सुरळीत झाल्याचाही त्यात वाटा होता. तरी सर्वसाधारण अनुभव असा की पूर्ण परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. आणि महागाई 9 वरून 3 वर आली म्हणजे भाव उतरले नाहीत, चढायचा वेग कमी झाला. उतरलेल्या भावाची वाट पाहणाऱ्याला सहा महिन्यांनीच काय, सहा वर्षांनीही दरवाढ फसलेलीच दिसेल.

राहिल्या बँका. कर्जाचा दर लगेच वाढवायचा आणि ठेवींचा सावकाश, ही त्यांची जुनी खोड आहे, आणि मधल्या काळातली कमाई त्यांच्याच खिशात जाते. "फक्त" हा शब्द मात्र टिकत नाही. मुदत ठेवीवर जगणाऱ्याला त्याच दरवाढीनं जास्त व्याज मिळतं. शिवाय दर वाढला की कमी व्याजाच्या जुन्या रोख्यांची किंमत पडते. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेनं असे दीर्घ मुदतीचे रोखे भरपूर घेऊन ठेवले होते. ठेवीदार पैसे काढायला लागल्यावर ते तोट्यात विकावे लागले, आणि मार्च 2023 मध्ये ती बँक दोन दिवसांत बुडाली.