गोडा मसाला गिफ्ट सेटच्या फोटोंबद्दल आलेल्या रिव्ह्यूला स्टुडिओकडून उत्तर

रिव्ह्यू (१ स्टार): "दिवाळी गिफ्ट सेटचे फोटो यांच्याकडून करून घेतले. मसाल्याच्या डब्यात सातच्या जागी आठ वाट्या, पाऊचवर 'गोडा मसाला' वाचताच येत नाही. एआयने काढतात आणि चेक न करताच पाठवून देतात. एका गिऱ्हाइकाने आठवी वाटी कुठे आहे म्हणून पार्सल परत केलं. वर उशीर. पैसे वाया."

नमस्कार ताई, पार्सल परत आलं हे वाचून खरंच वाईट वाटलं, त्रास झाला त्याबद्दल सॉरी. पण "चेक न करताच" हे मात्र लागलं हो, कारण तुम्ही ज्याला उशीर म्हणताय तो सगळा चेकिंगचाच वेळ होता.

लिस्टिंगवर तुम्ही टाकलेला फोटो फायनल नाहीच. मागे पैठणी ठेवायची की लाकडी पाट, एवढंच ठरवायला तो ड्राफ्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, कोपऱ्यात "ड्राफ्ट" लिहिलेलं होतं आणि तेवढा कोपरा कापून तो अपलोड झालाय. ड्राफ्टमध्ये तुमच्या मोबाईल फोटोवरून एआय सगळं चित्र नव्याने काढतं, डबासुद्धा. त्याला वाट्या मोजता येत नाहीत, मसाल्याचा डबा "साधारण" कसा दिसतो तेवढंच ते काढतं. म्हणून फायनलला आम्ही खऱ्या डब्याचा फोटो कापून बसवतो आणि एआयची फक्त बॅकग्राउंड ठेवतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आणि आम्ही बघतो काय तेही सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आधी खरी वस्तू टेबलावर शेजारी ठेवून एकेक भाग मोजायचा: वाट्या, चमचा, झाकणाची मूठ. तुमच्या ड्राफ्टमधली आठवी वाटी तर मोजायच्या आधीच दिसते, कारण मधल्या वाटीला चिकटून तेवढ्याच मापाच्या सहाच वाट्या बसतात, सातवी बसूच शकत नाही (घरी सात सारखी नाणी घेऊन बघा, एक मध्ये, सहा भोवती, आणखी एकाला जागा उरत नाही). म्हणून ड्राफ्टमध्ये उजवीकडच्या दोन वाट्यांच्या कडा एकमेकीत शिरल्यात. तिरक्या कॅमेऱ्यातून वाटीचं तोंड लंबगोल दिसतं आणि शेजारशेजारच्या वाट्या जवळपास सारख्याच चपट्या दिसायला हव्यात, पण तुमच्या हळदीची वाटी वरून बघितल्यासारखी गोल आहे आणि तिखटाची चपटी. सावलीचंही तसंच, डब्याची उजवीकडे, पाऊचची डावीकडे. हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून आम्ही फोटो आडवा उलटा करून परत बघतो, सवयीची नजर मोडते.

अक्षरांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. एआय अक्षर लिहीत नाही, अक्षराचा आकार काढतं, त्यामुळे शिरोरेषा मध्येच तुटते, काना कुठेतरी चिकटतो, आणि लांबून मराठीच वाटतं. म्हणून मोबाईलवर नाही, कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून शेवटच्या अक्षराकडून उलटं वाचायचं, सरळ वाचलं तर डोळा चूक आपोआप सुधारून घेतो. मग बारीक मजकूर: एफएसएसएआयचा नंबर १४ आकडी आहे का, वजन आणि एमआरपी खऱ्या पाऊचप्रमाणेच आहे का, हिरव्या चौकटीत हिरवा गोल आहे का (तुमच्या ड्राफ्टमध्ये तिथे तपकिरी काहीतरी आलं होतं, मसाल्यावर!), आणि बारकोड फोनने स्कॅन होतो का. एआयने काढलेल्या बारकोडच्या नुसत्या रेघा असतात, स्कॅन होत नाही. यातलं काहीही चुकलं तर ते खोडून दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, ओरिजिनल लेबल वरून बसवावं लागतं. त्यासाठी प्रिंटरकडची पीडीएफ मागितली होती, तुम्ही लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात, त्यात कॉम्प्रेस होऊन बारीक अक्षरं विरघळली होती. पीडीएफ आली त्याच दिवशी रात्री फायनल तुम्हाला मेल केलं, पण तोपर्यंत ड्राफ्ट लिस्टिंगवर चढला होता.

घाई दिवाळीची होती हे मान्य, पण आमचंही पोट यावरच आहे ताई, असा एक स्टार वाचून पुढचं गिऱ्हाईक फोनसुद्धा करत नाही.

यापुढे ड्राफ्टवर वॉटरमार्क मधोमध टाकू, आणि बाकी काय करता येईल तेही बघतो. फायनल फोटोंची मेलमधली लिंक अजून चालू आहे, त्यात वाट्या सातच आहेत, लिस्टिंगवर आज तेवढे बदलून घ्या.