परीक्षेच्या तोंडावर बंद झालेलं खातं : एका प्रतिक्रियेला उत्तर

*‘ताई, तुमचं पत्र वाचलं. फार मवाळ वाटलं. ऐन परीक्षेत खातं बंद करणाऱ्यांना “कृपया” कशाला? सरळ वकिलाची नोटीस धाडायची आणि मुलांना आपल्या घरी बोलावून शिकवायचं. तारखा-वेळांचं एवढं पाल्हाळ तिथे वाचतं कोण?’*

काका, ज्या कंपनीमार्फत मी मुलांना ऑनलाइन शिकवते, तिने माझं शिक्षिकेचं खातं बंद केलं, म्हणून तिला ते पत्र लिहिलं होतं. तिथे ते वाचणारा असतोच, फक्त तो मालक नसतो. असं पत्र पहिल्यांदा तक्रारी हाताळणाऱ्या एखाद्या पोरासमोर उघडतं आणि त्याच्या हातात दोनच गोष्टी असतात : संभाषणाची नोंद उघडून बघणं आणि प्रकरण फेरतपासणीला वर पाठवणं. नोटीस दिसली की तो ती विधी विभागाकडे सरकवतो आणि मोकळा होतो. तिथे फेब्रुवारी कधी संपतो ते कोणी विचारत नाही.

ज्याला तुम्ही पाल्हाळ म्हणता, त्यातच सगळा जीव होता. मला आलेल्या मेलमध्ये ‘संपर्क माहितीची देवाणघेवाण’ एवढंच कारण होतं, शिवाय एक तारीख आणि वेळ. खातं बंद झाल्यावर आपल्याला आपलं जुनं संभाषण दिसत नाही, पण विद्यार्थ्याच्या बाजूने ते दिसत राहतं. म्हणून सुदामानगरातल्या माझ्या दहावीच्या विद्यार्थिनीच्या आईला फोन केला आणि त्या वेळेच्या मागचा-पुढचा भाग तिच्या लॉगिनमधून मागवला. तिथे मी मीडियन काढायला गुण दिले होते : ९१, ४७, ६५ अशी पाच दोन-आकडी संख्यांची ओळ, मध्ये फक्त मोकळी जागा. जागा काढून टाकली तर सलग दहा आकडे उरतात, सुरुवात ९ ने. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ६ ते ९ पैकी एखाद्या आकड्याने सुरू होतात. चाळणी लावणाऱ्या यंत्राला माझं सांख्यिकी म्हणजे मोबाइल नंबर वाटला असणार, दुसरं काही त्या मिनिटात नव्हतंच.

म्हणून पत्रात मी नुसती ती ओळ दिली नाही. तिच्या वरचा माझा प्रश्न आणि खालचं मुलीचं उत्तरही दिलं. पाचही संख्या चढत्या क्रमाने लावून तिने मधली, म्हणजे तिसरी, उचलली होती. फोन नंबर कोणी चढत्या क्रमाने लावत नाही, हे त्या पोरालाही कळतं. त्यासाठी वकील लागत नाही.

आता घरी बोलावण्याचं. माझ्यावर संशय काय होता? मुलांना बाहेर वळवते हाच! करारात तशी स्पष्ट बंदी आहे आणि तसं आढळल्यास अडकलेलं मानधन जप्त करायची मुभाही त्यांनी ठेवली आहे. त्याच आठवड्यात मुलगी माझ्या घरी आली असती, तर मी स्वतःच त्यांना पुरावा दिला असता. वर पालकांनी उरलेल्या तासांचे पैसे आगाऊ भरलेले होते, त्यांना दुसऱ्यांदा खिशात हात घालायला लावू?

त्याऐवजी मी मागणी तोडून लिहिली. पत्रातला तो परिच्छेद पुन्हा देते : ‘तपासणी होईपर्यंत मला नवे विद्यार्थी देऊ नका. मात्र ज्यांचे तास आधीच विकले गेले आहेत, त्यांचे वर्ग परीक्षेपर्यंत चालू ठेवू द्यावेत. प्रत्येक वर्गाचं रेकॉर्डिंग ठेवावं, मला हरकत नाही.’ पूर्ण खातं उघडायला वरच्याची सही लागत असेल, पण एवढी सवलत खालचा माणूसही मागून घेऊ शकतो. मानधनाचा विषय मी मुद्दाम शेवटी, एका वाक्यात ठेवला. पैसे आणि मुलं एका दमात मागितली की समोरच्याला पैसेच दिसतात.

कायद्याचं म्हणाल, तर इथे ग्राहक मी नाही, पैसे भरणारे पालक आहेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. महिन्याभरात आमचा गणिताचा पेपर होऊन गेला असता, पण ४८ तासांची पोच उपयोगाची होती. म्हणून त्या आईने स्वतःच्या नावाने वेगळी तक्रार टाकली, ‘आम्ही पैसे भरले, शिक्षिका मिळत नाही’ एवढीच. तेवढ्याने भागलं नसतं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ होता. माझ्या करारात मात्र वाद लवादाकडे, आणि तोही कंपनीच्या शहरात. इंदूरहून तिकडे खेटे घालायला मला दहावीची मुलं सोडावी लागली असती, काका.

आधी त्या मुलीचे वर्ग सुरू झाले, खातं मागाहून उघडलं. मानधन अजून यायचंय. त्याचं पत्र वेगळं लिहिलंय आणि त्यातही ‘कृपया’ आहे.