लाल अक्षरांच्या कडा आणि बिटरेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «लाल शीर्षकांच्या कडा फिसकटण्याचा सगळा दोष आपण क्रोमा सबसॅम्पलिंगवर टाकला आहे, तो पटला नाही. खरा दोष कमी बिटरेटचा असतो. आणि त्याच व्हिडिओतली पांढरी अक्षरे अगदी स्वच्छ दिसतात, मग सबसॅम्पलिंग लाल रंगालाच कसे बाधते?»

आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. व्हिडिओमध्ये चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांत साठवले जात नाही. उजळपणाचा एक भाग असतो, त्याला ल्यूमा म्हणतात, आणि रंगछटेचे सीबी व सीआर असे दोन भाग असतात, त्यांना मिळून क्रोमा म्हणतात. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ४:२:० पद्धतीत ल्यूमा प्रत्येक पिक्सेलसाठी असतो, परंतु क्रोमाची एकच जोडी चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून दिलेली असते; यालाच क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात. म्हणजे १९२० बाय १०८० च्या चित्रात रंगाचा नकाशा प्रत्यक्षात ९६० बाय ५४० एवढाच असतो.

आता काळ्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल रुंदीचा लाल उभा दंड घ्या. एचडीच्या ७०९ मानकानुसार शुद्ध लाल रंगाचा ल्यूमा ६३ आणि सीआर २४० येतो, तर काळ्याचा ल्यूमा १६ आणि सीआर १२८, म्हणजे रंगछटा शून्य. चौकोनात दोन पिक्सेल लाल आणि दोन काळे असल्यामुळे साधी सरासरी घेतली तर सीआर १८४ होतो, आणि तो चारही पिक्सेलांना सारखाच लागू होतो. हे परत पडद्यावरच्या रंगांत आणले की २५५ असलेला लाल १५५ वर उतरतो, आणि शेजारच्या काळ्या पिक्सेलमध्ये १०० एवढा लाल उतरतो. दंड मळकट होतो, बाजूची काळी जागा तांबूस होते, आणि आपल्याला कड पसरलेली दिसते. पांढरा आणि काळा या दोहोंचे सीबी व सीआर १२८ च असतात, त्यामुळे त्यांच्या सरासरीत काहीच हरवत नाही; त्यांच्यातला सगळा फरक ल्यूमात असतो आणि तो पूर्ण तपशिलाने साठवला जातो.

ल्यूमा काढताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो. म्हणून हिरव्या अक्षराची कड ल्यूमा बऱ्यापैकी सांभाळून घेतो, लालची सांभाळू शकत नाही. निळ्याची अवस्था हिशेबाने आणखी वाईट आहे, पण निळ्यातला बारीक तपशील आपल्या डोळ्यालाच फारसा दिसत नाही, त्यामुळे तक्रार लालचीच येते. लाल अक्षर निळ्या पट्टीवर ठेवले तर दोघांच्या ल्यूमात फरकच थोडा उरतो, आणि माझ्या मते शीर्षकासाठी याहून वाईट जोडी निवडणे कठीण आहे.

बिटरेट म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओसाठी खर्च होणारा डेटा. त्याविषयी माझे म्हणणे असे की, ही सरासरी एन्कोडरने काम सुरू करण्याआधीच झालेली असते. त्यामुळे बिटरेट कितीही वाढवला तरी गेलेला तपशील परत येण्याचा मार्ग नाही. हे आपण स्वतः तपासू शकता. काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल शीर्षकाचे एक चित्र घेऊन ffmpeg या प्रोग्रॅमची पुढील आज्ञा चालवा:

```
ffmpeg -i title.png -vf "format=yuv420p,format=rgb24" test420.png
```

यात व्हिडिओ कॉम्प्रेशन मुळीच नाही. चित्र फक्त ४:२:० मध्ये जाते आणि परत येते. आकडे माझ्या हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण येथे साध्या सरासरीपेक्षा वेगळी गाळणी वापरली जाते, पण दोन्ही चित्रे चारशे टक्के मोठी करून शेजारी ठेवल्यास फिसकटलेली कड स्पष्ट दिसेल. yuv420p च्या जागी yuv444p लिहिले की ती नाहीशी होते.

कमी बिटरेटनेही कडा बिघडतात, हे मी नाकारत नाही. मात्र तो बिघाड निराळा असतो. त्यात अक्षरांभोवती चौकोनी ठिगळे आणि वळवळणारे कण दिसतात, आणि ते हालचालीनुसार फ्रेमगणिक बदलतात. सबसॅम्पलिंगची फिसकट स्थिर अक्षरात पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत तशीच राहते. अक्षर सरकत असेल तर मात्र वेगळी गंमत होते. देवनागरीतली लाल शीर्षकपट्टी एका फ्रेमला एक पिक्सेल या गतीने वर सरकली आणि शिरोरेखा दोन पिक्सेल जाड असली, तर ती एका फ्रेममध्ये चौकोनांच्या एकाच ओळीत नेमकी बसते आणि पुढच्या फ्रेममध्ये दोन ओळींत विभागली जाते, आणि त्यामुळे लुकलुकल्यासारखी दिसते.

४:४:४ मध्ये एक्स्पोर्ट करणे हा मूळ फाइल जपण्यासाठी योग्य उपाय आहे, पण प्रेक्षकापर्यंत तो क्वचितच पोहोचतो: यूट्यूब व्हिडिओ पुन्हा ४:२:० मध्येच एन्कोड करते, आणि बहुतेक मोबाइलमधले हार्डवेअर डिकोडर एच.२६४ चा ४:४:४ प्रकार उलगडत नाहीत. म्हणून मी शीर्षकाची रचनाच बदलतो. लाल रंग मागच्या पट्टीला देऊन अक्षरे पांढरी ठेवतो, किंवा लाल अक्षरेच हवी असतील तर ती पांढऱ्यावर आणि जाड वळणाची घेतो, कारण तिथे ६३ आणि २३५ असा ल्यूमाचा मोठा फरक कड धरून ठेवतो. शेजारी थोडी गुलाबी झाक येते, पण अक्षर वाचता येते.