डोक्यावरचा च्या

साळीच्या पोरीचं लग्न मे महिन्यात, यवतमाळकडच्या खेड्यात आणि तेही भर दुपारचं. पाकिटातल्या काळ्या रंगाने मागच्या वर्षी टाळूला अशी खाज सुटली होती की त्याचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून मी नैसर्गिक वाटेला लागलो.

पहिला मान बीटाचा. अर्धा किलो किसलं, फडक्यातून पिळलं आणि डोक्याला चोपडून ओसरीवर बसलो. समोरून चाललेले काकाजी चाऱ्याचा भारा टाकून धावत आले, "अरे बापा, कोनं फोडलं डोस्कं?"

तासाभराने धुतलं. काळे केस होते तसेच काळे, कारण गडदावर हा रंग दिसतच नाही. कानशिलावरचे पांढरे तेवढे गुलाबी झाले, आणि त्यांच्याहून जास्त कान. बीटाचा रंग पाण्यात विरघळणारा. एका शाम्पूत तो मोरीतून वाहून गेला. बरंच झालं.

मग चहापत्ती. चार मोठे चमचे पत्ती, दोन कप पाणी, निम्मं होईपर्यंत उकळायचं, गाळून पुरतं थंड करायचं. बायको दारातूनच म्हणाली, "साखर टाकू काय जी?" दूध-साखर अर्थातच नाही.

या वेळी मात्र शहाणपणा केला. सलूनवाल्या भाऊकडून माझेच कापलेले पांढरे केस आणले, दोऱ्याने बांधले आणि तासभर त्या काढ्यात बुडवले. निघाले ते वाळल्या तुराटीच्या रंगाचे. काळे नाहीत, पण डोळ्यात भरणारा पांढरेपणा गेलेला. कॉफीचंही करून पाहिलं. रंग तोच, वर वास फुकट. चहाच बरा. मग तो डोक्यावर घेतला, तासाने नुसत्या पाण्याने धुतला. शाम्पू लावला असता तर केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. रात्री उशीवर जुना टॉवेल टाकून झोपलो. सकाळी त्यावर माझ्या डोक्याचा नकाशा होता.

तेव्हाच कळायला हवं होतं. विकतचा पक्का रंग केसाच्या आत शिरतो, चहा नुसता वर बसतो. ओल लागली की उतरतो. आणि ओल म्हणजे काही फक्त पाऊस नव्हे.

मांडवात कूलर दोन, त्यातल्या एकात पाणी नाही. मंगलाष्टकं तिसऱ्या कडव्यावर आली आणि कानामागून काहीतरी कोमट खाली उतरलं. पांढऱ्या टोपीच्या काठाला तपकिरी पट्टी, शर्टच्या कॉलरवर दोन ओघळ. अक्षता टाकायला हात वर केला तर बोटंही तपकिरी.

सासरकडचे एक म्हातारे मामाजी बराच वेळ निरखत होते. शेवटी जवळ सरकून हळूच म्हणाले, "जवाईबापू, आंगावर च्या सांडला काय जी?"

"हो जी," मी म्हटलं, "सांडला."