अकरा रिकामी भोकं

पीएलसीची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरची, मागणी अकाउंट्सकडून परत आली आहे. शेवटच्या ओळीतल्या ‘स्पेअर’ या शब्दाभोवती लाल गोल, गोलाला एक बाण आणि बाणाच्या टोकाला प्रश्न : ‘कोणासाठी?’

प्रश्न विचारणारे आमच्या मालकांचे सख्खे मामा. सहकारी बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या सोमवारपासून भोसरीत आमच्या शेडच्या पोटमाळ्यावर टेबल टाकून बसले. आम्ही फरसाणाची पाऊच मशीनं बनवतो. मिनिटाला ४० पाकिटं, त्याहून फार काही नाही. मामांना मशीनमधलं काही कळत नाही आणि ते लपवतही नाहीत. पण शिल्लक दिसली की त्यांना झोप लागत नाही.

मी यादी घेऊन वर गेलो. इनपुट १७ : स्टार्ट, स्टॉप, जॉग, इमर्जन्सी, दोन दारं, आयमार्क सेन्सर, फिल्म संपल्याचा सेन्सर, एन्कोडरच्या दोन तारा, पाकीट आडवं चिकटवणाऱ्या जॉच्या उघडा-बंदचे दोन रीड स्विच, उभ्या सीलरचा एक, हवेचं प्रेशर, वजनकाट्याचा ‘माल तयार’, फिल्म ओढणाऱ्या सर्व्हो मोटरचा फॉल्ट आणि तारीख छापणारा कोडर. आउटपुट १२ : सर्व्होचे तीन, जॉ, उभा सीलर, कटर, काट्याला ‘सोड’, कोडरला ‘छाप’, फिल्म सोडणारी मोटर, दोन दिवे आणि भोंगा. हीटर वेगळ्या टेम्परेचर कंट्रोलरवर, म्हणून ते या हिशोबात नाहीत. दोन्हींवर २५ टक्के चढवले की इनपुट २२ आणि आउटपुट १५ होतात. म्हणून मी ४० पॉइंटचा मागितला होता, २४ इनपुट आणि १६ आउटपुटचा.

मामांनी कॅल्क्युलेटर ओढला. “सतरा नि बारा, एकोणतीस. मग चाळीस कशाला? हा बघ, तीसचा आहे.” त्यांनी कॅटलॉगवर बोट ठेवलं. तीसचा होता खरा, १८ इनपुट आणि १२ आउटपुटचा. “एक शिल्लकसुद्धा राहतो.”

“मामा, तो एक इनपुट राहतो. आउटपुट शून्य राहतात.”

“मग तो इकडे वर्ग कर.”

“कुठे वर्ग करू?”

“आउटपुटात. शिल्लक या खात्यात आहे, गरज त्या खात्यात आहे. एक नोंद टाकायची.”

मी सांगितलं, इनपुट म्हणजे बाहेरून येणारा निरोप आणि आउटपुट म्हणजे आपण दिलेला हुकूम. टर्मिनलच्या मागचं सर्किटच निराळं असतं. मामांनी ऐकून घेतलं आणि मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, “बरं, चाळीसचा घे. पण उरलेले अकरा पॅनलमध्ये अडकवून ठेवू नकोस. काढून माझ्या कपाटात दे. पुढच्या मशीनला होतील.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. कपाटाची किल्लीसुद्धा हातात होती.

इथे मला मामांपेक्षा स्पेअरचा नियम अर्धाच सांगणाऱ्यांचा राग येतो. ‘वीस टक्के स्पेअर ठेवा’ असं सगळे म्हणतात, पण कशावर ठेवायचे ते कोणी सांगत नाही. मग माणूस एकूण बेरजेवर टक्के काढतो, सात इनपुट नि शून्य आउटपुट उरले तरी खूश होतो. गिऱ्हाईक तर नंतर मागतं ते बहुतेक आउटपुटच. फरसाण महिनाभर कुरकुरीत राहावं म्हणून नायट्रोजन हवा : एक व्हॉल्व्ह, एक प्रेशर स्विच. मेटल डिटेक्टर लावला : एक इनपुट, आणि पाकीट बाजूला ढकलायला एक आउटपुट. दुकानात टांगायचंय म्हणून भोक पाडणारा पंच : आणखी एक आउटपुट. माझ्या चार रिकाम्या आउटपुटांपैकी तीन इथेच संपले. चौथा, एखादा आउटपुट शॉर्ट होऊन जळाला तर त्याची तार हलवायला. बरं, तो चौथाही कुठला उरलाय ते बघावं लागतं. सर्व्होला फिरवणारे पल्स पहिल्या दोन-चार ट्रान्झिस्टर आउटपुटवरच निघतात. तिथे कोणी भोंगा जोडून ठेवला, तर उद्या जॉला सर्व्हो लावताना शेवटचा रिकामा पॉइंट असून नसल्यासारखा. आणि स्वस्त पडतो म्हणून रिले आउटपुटवाला घेतला तर पल्सचं नावच नको. मिनिटाला ४० म्हणजे १६ तासांत जॉच्या व्हॉल्व्हचा रिले ३८,४०० वेळा टकटकणार. पूर्ण लोडवर अशा रिलेचं आयुष्य लाखाच्या घरात धरतात. व्हॉल्व्हचा लोड कमी, म्हणून जास्त टिकेल. पण कितीही टिकला तरी बंद पडेल तो दिवाळीच्या ऑर्डरमध्येच.

हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आणि मेमरी? तीही रिकामीच असेल.”

असणारच. मागच्या मशीनचा प्रोग्राम ३,००० स्टेपच्या आसपास होता, हा पीएलसी ८,००० घेतो. खरी जागा खातो तो मालाचा डेटा. ४० प्रकारची पाकिटं, प्रत्येकाचे २५ आकडे, झाले १,००० रजिस्टर. तेही वीज गेल्यावर पुसले न जाणारे हवेत, आणि छोट्या पीएलसीत नेमके तेच मोजके असतात. मोठ्या अक्षरातली एकूण मेमरी वाचून पीएलसी घेणाऱ्याला हे पहिल्यांदा वीज गेली की समजतं.

मग मामांनी हुकमाचा एक्का काढला. विक्रेत्याचा फोन येऊन गेला होता. तो म्हणे, चौपट वेगाचा प्रोसेसर घ्या, पाकिटावरचं चित्र कधी कापलं जाणार नाही. “इथे मात्र तू लहानच मागितलायस. काय गौडबंगाल आहे?”

गौडबंगाल साधं आहे. २०० मिलिमीटर फिल्म अर्ध्या सेकंदात ओढायची, म्हणजे सेकंदाला ४०० मिलिमीटर. पाकीट कुठे कापायचं ते दाखवणारी आयमार्कची ५ मिलिमीटरची काळी पट्टी सेन्सरसमोरून साडेबारा मिलिसेकंदांत निघून जाते. क्षणिक सिग्नल गाळणारा इनपुटचा फिल्टर १० मिलिसेकंदांवर तसाच सोडला, तर ती जेमतेम दिसते. स्कॅन, म्हणजे प्रोग्रामची एक फेरी, १० मिलिसेकंदांचा असला, तर प्रोग्रामला ती कधी लगेच कळते, कधी एक स्कॅन उशिरा. तेवढ्यात फिल्म ४ मिलिमीटर पुढे. उशीर दर वेळी सारखाच असता तर आकडा घालून वजा केला असता. तो बदलतो, म्हणून एका पाकिटावर वाटीभर चिवडा आणि दुसऱ्यावर पाऊण वाटी. प्रोसेसर चौपट केला तरी मिलिमीटरभर डुगडुग उरतेच. त्यापेक्षा आयमार्क हायस्पीड इनपुटवर घ्या, तिथला फिल्टर उतरवा आणि इंटरप्ट लावा. पट्टी दिसताक्षणी चालू काम बाजूला ठेवून पीएलसी सर्व्होकडे धावतो. मग स्कॅन १० असो की ५. पॅकेजिंगच्या या मापाच्या मशीनला प्रोसेसर कमी पडलेला मी पाहिलेला नाही; जोडणी चुकीच्या टर्मिनलवर केलेली मात्र ढिगानं पाहिलीय.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे विक्रेता खोटं बोलतो.”

“खोटं नाही, मामा. जास्तीचं बोलतो.”

“तूही अकरा जास्तीचेच मागतोयस.”

यावर मला काही सुचलं नाही, आणि तेच अजून डाचतंय. शेवटी म्हटलं, मामा, लेकीच्या लग्नात मंगल कार्यालयाला तुम्ही पानं मोजून सांगितली होतीत का? ते ताडकन म्हणाले, “चारशेची दिली होती. साडेतीनशे आले. पन्नासांचे पैसे अजून मागतोय.”

४० पॉइंटचा मंजूर झाला. सही मालकांनी केली, मामांनी नाही. पण आज सकाळी त्या मशीनचा खर्चाचा तक्ता खाली आला, त्यात मामांच्या अक्षरात एक नवी ओळ आहे : ‘न वापरलेले पॉइंट, नग ११’. पुढे माझं नाव. तिसाचा घेतला असता, तर चार महिन्यांनी नायट्रोजनसाठी एक्स्टेन्शन मॉड्यूल, पॅनलमध्ये नसलेली जागा, सर्व्हिसवाल्याचं सांगलीच्या गिऱ्हाइकापर्यंतचं तिकीट आणि लॉजचं बिल आलं असतं. त्यासाठी मात्र तक्त्यात ओळच नाही. तो खर्च ‘किरकोळ’मध्ये जातो.