एकच नकाशा सगळ्या चेहऱ्यांना? ढाळजेतल्या आजोबांना विचारा

"डॉज-बर्नमध्ये काही अवघड नाही. डॉज टूल घ्या, एक्सपोजर 50 वर ठेवा, कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि हनुवटी उजळा. मग बर्न टूलने गालाखाली आणि जबड्याच्या कडेने काळं करा. सगळ्या चेहऱ्यांना हाच नकाशा चालतो. दोन मिनिटांत काम होतं आणि माणूस गोराही दिसतो."

फोटोशॉपमध्ये फोटोतल्या चेहऱ्याचे काही भाग उजळायचे आणि काही काळे करायचे, त्या डॉज-बर्नबद्दल हा सल्ला नेहमी ऐकू येतो. आधी त्यातल्या नकाशाचं बघू, कारण खरा घोळ तिथंच आहे.

गेल्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या एका गावी माझ्या चुलत आजोबांचा फोटो काढला. माळवदाचं घर, आजोबा ढाळजेत बसलेले, डोक्याला पांढरा पटका. बाहेर दुपारचं ऊन, आत सावली, आणि उजेड येणार तो फक्त डावीकडच्या दारातून. फोटोत त्यांचा डावीकडचा गाल उजळ, उजवीकडचा सावलीत. नाकाची सावली उजवीकडे पडलेली आणि त्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण. डोळ्यांतली चमक बघितली तर दोन्ही बुबुळांत डाव्या अंगाला दाराची उभी पट्टी दिसत होती. कुणाच्याही फोटोवर काम करायच्या आधी ही चमक बघावी. उजेड कुठून येतो हे तिथं कळतं.

आता त्या नकाशाप्रमाणे दोन्ही गाल सारखे उजळले असते तर? उजवा गाल सावलीतून बाहेर आला असता, पण नाकाची सावली मात्र तिथंच राहिली असती. म्हणजे नाकावर उजेड डावीकडून आणि गालावर समोरून. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चेहरा चिकटवल्यासारखा वाटतो. डाव्या गालाखाली बर्न केलं असतं तर दारासमोरच्या त्या भागावर काजळी लागल्यासारखं दिसलं असतं. तो नकाशा मेकअपचा आहे, समोरून सपाट उजेड पडलेल्या चेहऱ्यासाठी केलेला. दारातल्या उजेडाचं काम वेगळं: जो उजेड आधीच आहे, तोच थोडा पुढे न्यायचा.

म्हणून मी काय केलं ते सांगतो. डाव्या गालाच्या हाडाचा वरचा भाग आणि नाकाचा डावा उतार किंचित उचलला. उजव्या डोळ्याखालचा त्रिकोण थोडा स्पष्ट केला, कारण सावलीतला डोळा त्याच्यामुळंच जिवंत राहतो. बुबुळांचा चमकेच्या समोरचा, म्हणजे उजवीकडचा खालचा भाग जरासा उजळला. बर्न केलं ते उजव्या कानशिलावर, उजव्या जबड्याच्या कडेला आणि डाव्या कानावर. कान का, तर दाराजवळ असल्यानं तो चेहऱ्यापेक्षा जास्त चमकत होता आणि नजर आधी तिकडं जात होती. नकाशात कानाचं नावही नाही, पण या फोटोत सगळ्यात उपयोगी पडलेलं बर्न तेच.

सुरकुत्यांचं थोडं. प्रत्येक सुरकुतीला एक उजळ काठ असतो आणि एक सावलीचा. सावलीचा काठ उचलला की सुरकुती जाते. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या मी फक्त डोळ्याखालच्या दोन मवाळ केल्या, बाकीच्यांना हात लावला नाही.

एक चूक माझीही झाली. पटक्याचा दाराकडचा पदर फुटला होता, म्हणजे तिथं तपशीलच उरला नव्हता. मी बर्न करत सुटलो आणि पांढऱ्याचा राखाडी ठिगळ झाला. जिथं तिन्ही रंगांचे आकडे 255 ला टेकलेत तिथं बर्नला धरायला काही नसतं, फक्त राखाडी रंग चढतो. शेवटी रॉ फाइलवर परत जाऊन हायलाइट खाली आणले तेव्हा कापडाच्या घड्या दिसल्या.

आता 50 चा आकडा. फोटोशॉपमध्ये टूल उघडलं की तोच आकडा समोर येतो, म्हणून लोक तोच ठेवतात. डार्करूममध्ये ही पद्धत जन्मली तेव्हा एन्लार्जरच्या उजेडात तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरायचे. जिथं उजेड अडवला ती जागा प्रिंटवर उजळ राहायची, जिथं जास्त दिला ती काळी व्हायची. आणि पुठ्ठा सारखा हलवत ठेवायचे, कारण थांबला की त्याची कड कागदावर उमटायची. 50 वर मारलेला एक फटकारा म्हणजे थांबलेला पुठ्ठा. शिवाय टूल थेट फोटोच्या लेयरवर चालवलं तर नंतर कमीजास्त करायला वाव राहत नाही.

माझी पद्धत अशी: दोन कर्व्ह्ज लेयर. एकात मधला बिंदू 128 वरून साधारण 145 ला उचललेला, दुसऱ्यात 110 च्या आसपास उतरवलेला. दोन्हींचे मास्क `Ctrl+I` ने काळे करायचे, म्हणजे फोटोवर काहीच दिसत नाही. मग पांढरा, मऊ कडेचा ब्रश, `Flow` 2 ते 3 टक्के, आणि जिथं हवं तिथं हळूहळू चढवायचं. ब्रश गालाच्या निम्म्या रुंदीचा. लहान घेतला की डाग पडतात. फाइल 16 बिटची ठेवावी, नाहीतर कपाळासारख्या सलग भागावर पट्टे उमटतात.

गोरेपणाबद्दल एवढंच की आमच्याकडं स्टुडिओत "जरा गोरं करून द्या" हे रोज ऐकू येतं, आणि त्याला डॉज-बर्न म्हणू नये. सावळ्या कातडीवर चेहऱ्याचा आकार सावलीपेक्षा चमकेतून जास्त कळतो. ती चमक थोडी वाढवली की हाड उठून येतं. अख्खा गाल उचलला तर राख फासल्यासारखा होतो. बर्नचं उलटं: जास्त झालं की कातडी तांबूस पडते. अशा वेळी कर्व्ह्ज लेयर एकदा `Normal` आणि एकदा `Luminosity` मोडवर टाकून बघा आणि ज्यात रंग कमी हलतो तो ठेवा. आजोबांचा उजळ गाल आकड्यात 150 च्या आसपास होता, काम झाल्यावर 158. सावलीतला 70 वरून 66. रंग होता तोच राहिला.

आणि दोन मिनिटं? मला चाळीस लागली, त्यातली दहा चहाची. चहाची यासाठी की सलग बघत बसलं की डोळा सरावतो आणि हात जड होतो. परत आलो, फोटो आडवा उलटा केला, बोटाएवढा लहान करून बघितला. कानशील फारच काळं वाटलं, म्हणून बर्नच्या लेयरची अपारदर्शकता 70 वर आणली.

तरी लातूरच्या लॅबमधून पहिली प्रिंट आली तेव्हा उजवा जबडा मागच्या भिंतीत बुडालेला होता. स्क्रीन आतून पेटलेली असते, कागद नाही. सावलीतला फरक कागदावर आधी मिटतो. जबड्याच्या कडेवरचं बर्न जवळजवळ सगळं पुसलं, 4 बाय 6 ची आणखी एक प्रिंट काढून बघितली, आणि मगच मोठी करायला टाकली.