सगळे शिरोबिंदू बाहेर असले तरी

> "एवढं लांबण कशाला? बहुभुजाचे सगळे शिरोबिंदू खिडकीबाहेर असतील तर सरळ रिकामी यादी परत करा, चार फेऱ्या हव्यात कशाला? यादी रिकामी झाली तर काय करायचं हेही तुम्ही पार शेवटी टाकलंय. लिहिण्याआधी कोड चालवून बघत जा."

नमस्कार. खिडकीच्या चार बाजूंसाठी एकेक फेरी करून बहुभुजाचा बाहेरचा भाग कापून टाकायच्या रीतीवर मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही हे लिहिलंत. मतभेद असायला हरकत नाही, पण 'चालवून बघत जा' हे वाक्य मला लागलं. नकाशे छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी अनेक वर्षं हेच काम केलंय, आणि तुम्ही सुचवलेल्या आडवाटेने नकाशांचे कोपरे गायब झालेले पाहिलेत.

आता तुम्हीच चालवून बघा. खिडकी ० ते १० चा चौरस. त्रिकोणाचे शिरोबिंदू (४, १४), (१४, ४) आणि (१४, १४). तिन्ही खिडकीबाहेर. उजव्या बाजूने कापल्यावर (४, १४), (१०, ८), (१०, १४) उरतात. वरच्या बाजूने कापल्यावर (८, १०), (१०, ८), (१०, १०). डावी आणि खालची बाजू काहीच कापत नाहीत. उत्तर २ क्षेत्रफळाचा त्रिकोण. तुमची पद्धत तिथे शून्य सांगते. सगळे बिंदू एकाच बाजूच्या बाहेर असतील तरच लगेच थांबता येतं, आणि तेव्हा त्या बाजूच्या फेरीत यादी आपोआप रिकामी होतेच.

आता पहिले दोन बिंदू सरकवून (८, १४) आणि (१४, ८) करा. उजव्या बाजूनंतर (८, १४), (१०, १२), (१०, १४) शिल्लक राहतात, वरच्या फेरीत तिन्ही बाद. हा त्रिकोण कुठल्याही एका बाजूच्या पूर्ण बाहेर नव्हता, तरी उत्तर रिकामं. सुरुवातीला नुसते बिंदू तपासून हे दोन त्रिकोण वेगळे ओळखता येत नाहीत. सदरलँड आणि हॉजमन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या रीतीत एका बाजूचं उत्तर पुढच्या बाजूला द्यायचं असतं, ते याचसाठी.

तेच बिंदू (६, १४) आणि (१४, ६) असतील, तर त्रिकोण फक्त कोपऱ्याला टेकतो. सीमारेषेवरचा बिंदू आत धरला, तर यादीत (१०, १०) तीनदा येतो. यादी रिकामी नाही, पण आकारही नाही! म्हणून यादीची लांबी बघून भागत नाही; लागोपाठचे सारखे बिंदू काढा, मग तीनपेक्षा कमी उरले किंवा क्षेत्रफळ शून्य आलं, तर रिकामं समजा.

रिकाम्या यादीची तपासणी लेखात वर हवी होती, हे मान्य. फेरीच्या सुरुवातीला आपण शेवटचा बिंदू 'मागचा बिंदू' म्हणून उचलतो. यादी रिकामी असेल तर पायथॉनमध्ये तिथेच `IndexError` येतो.

```python
if not points:
    return []
```

लांबीच्या तक्रारीला उत्तर देत नाही. पुढच्या वेळी निदान एक उदाहरण कागदावर सोडवून मग लिहा.